मृत्युपत्राला आव्हान : सिद्ध कोणी करायचे?

पंजाबातील एक बडे जमीनदार १९५४च्या डिसेंबरमध्ये वारले. मागे मोठी मालमत्ता होती आणि तिच्याबरोबर कोर्टकज्जेही होते. त्यांच्या पत्नीने १९५७मध्ये आपल्या हक्कासाठी दावा लावला, तेव्हा नातवाने न्यायालयात एक कागद हजर केला. हे आजोबांचे मृत्युपत्र आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर तारीख होती २६ नोव्हेंबर १९४५. कागद खरा मानला, तर जवळजवळ सगळी इस्टेट नातवाची होती आणि पत्नीच्या वाट्याला काहीच येत नव्हते.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘जसवंत कौर विरुद्ध अमृत कौर’ या नावाने १९७६मध्ये त्याचा निकाल लागला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. मृत्युपत्राच्या भांडणात कोणी काय सिद्ध करायचे, हा प्रश्न निघाला की आजही वकील याच निकालाकडे वळतात. कारण आईवडिलांच्या मृत्युपत्राबद्दल शंका आलेल्या अनेकांची सुरुवातच चुकीची होते. “भावाने दडपण आणून सही घेतली, हे आता मी कसे सिद्ध करू?” या विचाराने ते खचतात. प्रत्यक्षात कायदा पहिला प्रश्न त्यांना विचारत नाही. तो विचारतो मृत्युपत्र घेऊन पुढे आलेल्याला.

मृत्युपत्र हा असा दस्त आहे की तो न्यायालयात पोहोचतो तेव्हा तो करणारा हयात नसतो. सही माझी आहे, हे मी समजून उमजून लिहिले, असे सांगायला तो येऊ शकत नाही. म्हणून ज्याला त्या कागदाच्या आधारे हक्क हवा आहे, त्यानेच कागद सिद्ध करायचा, असा नियम आहे. त्याने काय दाखवायचे, हे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५च्या कलम ६३मध्ये आहे. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा केलेला असावा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी किंवा ‘ही माझी सही’ अशी कबुली त्याच्या तोंडून ऐकलेली असावी. शिवाय प्रत्येक साक्षीदाराने त्याच्या समक्ष सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत, असे मात्र नाही. यांपैकी निदान एक साक्षीदार हयात असेल आणि साक्ष देऊ शकत असेल, तर त्याला न्यायालयात आणावेच लागते. हा नियम जुन्या पुरावा कायद्यात कलम ६८ होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम ६७मध्ये आला आहे. (मुस्लिमांच्या मृत्युपत्रांना मात्र १९२५च्या अधिनियमातील या तरतुदी लागू नाहीत. त्यांचे नियम त्यांच्या व्यक्तिगत कायद्यातून येतात.)

सरळ प्रकरणात एवढे पुरते. एक साक्षीदार आला, त्याने नीट सांगितले, उलटतपासणीत तो टिकला, की मृत्युपत्र सिद्ध झाले. गुंता होतो तो कागदाभोवतीची परिस्थितीच संशय निर्माण करते तेव्हा.

या बाबतीतला पायाभूत निकाल १९५८चा, ‘वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा’ या म्हैसूरकडील प्रकरणातला. तो लिहिला होता साताऱ्याचे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. वृद्ध स्त्रीचे मृत्युपत्र घेऊन आलेल्या माणसानेच ते करण्यात पुढाकार घेतला होता आणि त्याच्या मुलांना त्यातून मोठा लाभ होत होता. गजेंद्रगडकरांनी सांगितलेले तत्त्व असे : पुरावा गणिती अचूकतेचा नको, विचारी माणसाचे समाधान होईल इतका हवा. पण संशयाची कारणे दिसत असतील, तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने आधी ती सगळी दूर केली पाहिजेत. विरुद्ध पक्षाने फसवणुकीचा आरोप केला नसला, तरी ही जबाबदारी सुटत नाही. त्या प्रकरणात संशय दूर झाला नाही आणि मृत्युपत्र टिकले नाही.

हीच कसोटी चंद्रचूडांनी पंजाबच्या कागदाला लावली. १९४५चा म्हणून दाखवलेला हा कागद आजोबांच्या मृत्यूनंतरही अडीच वर्षांहून अधिक काळ कोणी पाहिला नव्हता. मालमत्तेवर एवढे तंटे चालू असताना तो कोणाला दिसला नाही, हे नवल होते. तो हाती कसा लागला, याचे नातवाने दिलेले कारण न्यायालयाला पटले नाही. मृत्युपत्र एकाच फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजूंना टाइप केलेले होते. भाषा उघडच वकिलाची होती, पण मसुदा कोणी केला आणि टाइप कोणी केला, याचा काहीही पुरावा दिला गेला नाही. आपण साक्षीदार कसे झालो, याबद्दल साक्षीदाराने जे सांगितले तेही मानण्यासारखे नव्हते. आणि एवढ्या मोठ्या इस्टेटीतून हयात पत्नीला पूर्णपणे वगळण्याचे सबळ कारण कुठे दिसत नव्हते.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिचे काही ना काही उत्तर देता येईल. एकत्र पाहिल्यावर मात्र त्यांचे वजन वाढते. अशा वेळी खटला केवळ वादी-प्रतिवादींचा राहत नाही, तो न्यायालयाच्या सदसद्विवेकाचा प्रश्न होतो, असे चंद्रचूडांनी म्हटले. मृत्युपत्र सिद्ध झाले नाही, असाच निष्कर्ष निघाला. विशेष म्हणजे, नातवाने लबाडी केली हे आजीच्या बाजूने सिद्ध करण्याची गरजच पडली नाही.

अनुचित दबावाच्या आरोपाचे गणित मात्र उलटे आहे. मृत्युपत्र फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा स्वतंत्र इच्छा उरू नये इतका पिच्छा पुरवून करून घेतले असेल, तर कलम ६१नुसार ते रद्दबातल ठरते. पण हा आरोप जो करतो, त्यानेच तो सिद्ध करायचा. ‘शशिकुमार बॅनर्जी विरुद्ध सुबोधकुमार बॅनर्जी’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. मोघम आरोप चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४प्रमाणे कोणी, केव्हा, कोणत्या रीतीने दबाव आणला, याचा तपशील लेखी कैफियतीतच द्यावा लागतो.

शिवाय दबाव आणि आर्जव यांत कायदा फरक करतो. कलम ६१खाली दिलेली उदाहरणे वाचण्यासारखी आहेत. आजाराने इतका खचलेला माणूस, की तगादा सहन होत नाही म्हणून, निव्वळ शांतता मिळावी यासाठी दुसरा म्हणेल तसे मृत्युपत्र करतो, त्याचे मृत्युपत्र अवैध. पण स्वतः विचार करू शकणाऱ्या माणसाला कोणी कळकळीने गळ घातली आणि त्याने ती स्वतःच्या मर्जीने मानली, तर मृत्युपत्र वैध. आणखी पुढचे उदाहरण तर अनेकांना खटकते : कोणी लाभाच्या आशेने म्हाताऱ्याची सरबराई केली, त्याची खुशामत केली, आणि त्यामुळे त्याने लहरीने त्याच्या नावे काही ठेवले, तरी तेवढ्याने मृत्युपत्र अवैध होत नाही.

समजा, पुण्यातल्या एका ८२ वर्षांच्या आईने शेवटच्या आजारपणात आपला फ्लॅट सोबत राहणाऱ्या धाकट्या मुलाला दिला. थोरल्या मुलीला काही नाही, आणि तिला का वगळले याचा उल्लेखही नाही. मसुदा धाकट्याच्या वकिलाने केला, साक्षीदार धाकट्याचे मित्र. मुलीने फक्त “भावाने दबाव आणला” एवढेच म्हटले, तर बंद दारामागे काय बोलणे झाले हे सिद्ध करण्याचे ओझे तिने आपणहून उचलले. उलट आईची प्रकृती, मसुद्याचा मार्ग, साक्षीदारांचे नाते आणि भावाचा सहभाग ही संशयाची कारणे तिने नीट मांडली, तर उत्तर भावाला द्यावे लागेल. दबावाचा ठोस पुरावा असेल, तर दोन्ही मुद्दे मांडता येतात. पण तो नसताना केवळ त्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे.

याच आईने मृत्युपत्राऐवजी हयातीतच बक्षीसपत्र केले असते, तर चित्र आणखी वेगळे असते. करार कायद्याच्या कलम १६नुसार, वर्चस्व गाजवू शकणाऱ्या माणसाच्या पदरात उघड अन्याय्य व्यवहाराचा लाभ पडला, तर दबाव नव्हता हे त्यानेच दाखवायचे असते. मृत्युपत्राच्या बाबतीत असे गृहीतक आपोआप लागू होत नाही. तिथे लाभार्थ्याचा पुढाकार हे संशयाचे एक कारण म्हणून मोजले जाते, इतकेच.

संशयालाही मर्यादा आहे. वारसाला वगळणे एवढेच कारण पुरेसे नाही, कारण नेहमीचा वारसाक्रम बदलण्यासाठीच माणसे मृत्युपत्र करतात. म्हातारपण म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. सोबत राहून सेवा करणाऱ्या मुलाला जास्त देणे हे स्वाभाविकच मानले जाते. संशय खरा, परिस्थितीतून उगवलेला हवा, निव्वळ कल्पनेतला नको, असे न्यायालये वारंवार सांगतात. नोंदणीच्या बाबतीतही दोन्ही बाजूंनी गैरसमज असतात. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून नोंदणी नसणे हा आपोआप दोष ठरत नाही. तसेच नोंदणी झाली म्हणजे संशय धुऊन निघाला, असेही नाही. मजकूर करणाऱ्याला समजला होता का, हे तिथेही पाहिले जाते.

प्रोबेटच्या अर्जाला विरोध करायचा असेल, तर कॅव्हेट दाखल करून हरकती प्रतिज्ञापत्रावर मांडाव्या लागतात. मग प्रकरण दाव्यासारखे चालते आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. खरी लढाई तिथेच होते. सही कुठल्या खोलीत झाली, कोण कोण हजर होते, मजकूर वाचून कोणी दाखवला, साक्षीदाराला कोणी बोलावले, अशा साध्या प्रश्नांवर पढवलेला साक्षीदार अडखळतो. त्याला जोड हवी कागदांची : मृत्युपत्राच्या तारखेच्या आसपासची रुग्णालयाची कागदपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेतील त्या काळातल्या सह्या. हे कागद वेळीच मिळवून ठेवले नाहीत, तर पुढे ते मिळणे अवघड होते.

आणि न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी एक गोष्ट नक्की तपासावी. शेवटचे मृत्युपत्र पडले, तर मालमत्ता थेट वारसाहक्काने वाटली जाईलच असे नाही. त्याआधीचे एखादे वैध मृत्युपत्र असेल, तर ते पुढे येते, आणि त्यातही आव्हान देणाऱ्याचे नाव नसू शकते.