हिशोब जुळतो, मग हरवतं काय?

आता हा हीट एक्स्चेंजर बघा. सेकंदाला 1 किलो गरम पाणी 90 अंशांवरून 60 वर येतं. उलट दिशेने तेवढंच थंड पाणी 20 वरून 50 वर जातं. 125 किलोवॉट दिले, 125 मिळाले. ऊर्जेच्या ताळेबंदात तोटा शून्य.

पण परिसर 20 अंशांचा धरला, तर या उष्णतेतून जास्तीत जास्त काम किती मिळालं असतं? ती एक्सर्जी. गरम पाण्याने 20 किलोवॉट गमावले, थंड पाण्याला मिळाले फक्त 6. उरलेले 14 बाहेर गळले नाहीत, नष्टच झाले. कारण दोन प्रवाहांत सगळीकडे 40 अंशांचा फरक आहे. तो कमी केला तर नाश घटतो, पण तेवढीच उष्णता द्यायला पृष्ठभाग वाढवावा लागतो.