एकच भाव आणि चॅटवरची घासाघीस

व्हॉट्सअ‍ॅपवर साडीचा फोटो आणि भाव टाकला की पाचदहा मिनिटांत पहिला प्रश्न येतो, ‘ताई, लास्ट किती?’ दुकानात याचं उत्तर हसून, साडी उलगडून, काठ बोटांवर घेऊन देता येतं. चॅटवर हातात असतात ते फक्त शब्द. त्यातला कोरडा ‘नाही’ गिऱ्हाईक घालवतो, आणि ‘बघते, कळवते’ म्हटलं की भाव उतरणार असं समोरची व्यक्ती धरून चालते.

उत्तर लिहिण्याआधी आपला हिशेब पक्का हवा. समजा, घरून इरकल साड्या विकणारी एक विक्रेती १,८५० रुपये भाव लावते. तिची खरेदी १,३०० रुपये, माल आणण्याचा वाटा ४०, पिशवी-खोका २० आणि कुरिअर ९०. म्हणजे खर्च १,४५० आणि हातात राहतात ४००. ‘दीडशे तर कमी करा’ ही मागणी भावाच्या मानाने किरकोळ वाटते, पण दीडशे सोडले की उरतात २५०. पाच साड्यांवर मिळणारे दोन हजार मिळवायला मग आठ साड्या विकाव्या लागतात. हा आकडा डोळ्यांपुढे असला की उत्तरात चाचरणं राहत नाही.

तरीही हा हिशेब गिऱ्हाइकाला पाठवू नये. ‘मलाच तेराशेला पडते’ असं लिहिलं की पुढची घासाघीस खरेदीच्या भावावर, मग कुरिअरवर सुरू होते. पहिलं उत्तर थोडक्यात असावं: भाव सगळ्यांना एकच आहे, त्यात काय काय मिळतं, आणि पुढचं पाऊल कोणतं. उदाहरणार्थ: ‘ताई, साडी आवडली याचा आनंद आहे. भाव सगळ्यांना १,८५०च आहे, त्यात ब्लाउजपीस आणि घरपोच कुरिअर आलं. हिरवी आणि जांभळी दोन्ही शिल्लक आहेत, कोणती ठेवू?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण त्याने बोलणं पैशांवरून साडीवर येतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये असा मजकूर साठवून ठेवता येतो आणि `/` टाइप केल्यावर निवडता येतो. मात्र पाठवण्याआधी त्यात रंग आणि नाव घालावं, नाहीतर छापील उत्तर लगेच ओळखू येतं.

‘दुसरीकडे चौदाशेला मिळते’ हा दुसरा फेरा. इथे दुसऱ्या विक्रेत्याला नावं ठेवू नयेत. इरकलमध्ये काठ-पदर खऱ्या रेशमाचा आहे की रेयॉनचा, हे फोटोत दिसत नाही आणि भावात मोठा फरक त्यानेच पडतो. ‘तिथे पदर रेशमी आहे का, ते एकदा विचारून घ्या. आपल्या साडीचा पदर रेशमी आहे, जवळून व्हिडिओ पाठवते,’ एवढं पुरतं. अर्थात, हे खरं असेल तरच. माल तोच आणि समोरचा खरोखर स्वस्त देत असेल, तर कितीही गोड उत्तर उपयोगी पडत नाही. आपला भाव किंवा खरेदीच तपासावी लागते.

सवलत द्यायचीच तर जिथे खर्च खरोखर वाचतो तिथून द्यावी. दोन साड्या एकाच पार्सलमध्ये गेल्या आणि कुरिअरचे १८०ऐवजी १३० लागले, तर ते पन्नास गिऱ्हाइकाला सोडता येतात: ‘एकीचा भाव तोच राहील, दोन घेतल्या तर एकूण पन्नास कमी.’ नफ्याला धक्का लागत नाही आणि कधीकधी दुसरी साडीही खपते. हा नियम मागेल त्याला नव्हे, सगळ्यांना लागू असावा. एकीला गुपचूप दिलेल्या सवलतीचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत तिच्या भिशीच्या ग्रुपवर पोचलेला असतो, आणि पूर्ण भाव देऊन गेलेली जुनी गिऱ्हाईक दुखावते, ते वेगळंच. भाव मुद्दाम चढवून मग उतरवणंही याचसाठी वाईट: न मागणाऱ्या माणसालाच त्याचा भुर्दंड पडतो.

तिसऱ्यांदाही तेच विचारलं, तर पुन्हा कारणं देऊ नयेत. ‘ताई, यात कमी होणार नाही, राग मानू नका. उद्या संध्याकाळी सहापर्यंत साडी तुमच्यासाठी बाजूला ठेवते, नको असेल तरी हरकत नाही.’ सहा वाजले की साडी पुन्हा विक्रीला लावावी; मुदत पाळली नाही, तर पुढच्या वेळी तिला कुणी किंमत देत नाही. घ्यायचं ठरलेलं गिऱ्हाईक या टप्प्यावर फॉल-पिको, पिनकोड, पोचण्याचा दिवस विचारू लागतं. फक्त आकडाच विचारत राहणाऱ्याला नमस्कार करून थांबावं. काही दिवसांनी तीच व्यक्ती ‘आहे का अजून?’ म्हणून आली, तर मागचं काही न काढता भाव तोच सांगावा आणि पत्ता मागावा.