डायोडचा उंबरठा

जालन्याच्या एखाद्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्याची प्रयोगवही उघडून पाहावी. डायोडच्या प्रयोगाखालीं बहुधा ‘उंबरठा-दाब 0.7 व्होल्ट’ असें लिहिलेलें आढळतें. हा आंकडा पुष्कळदां आलेखांतून न येतां पाठ्यपुस्तकांतून आलेला असतो!

डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेनें वाट देणारा लहानसा तुकडा. त्याच्या पुढें एक हजार ओहमचा रोध व मिलिअॅमिटर जोडतात, दोन टोकांवर व्होल्टमिटर लावतात, आणि दाब हळूहळू वाढवीत प्रवाहाची नोंद करितात. प्रथम कांटा हलल्याचें दिसतच नाहीं. पुढें एकाएकीं प्रवाह उसळतो. आलेखावर तेथें जो वांक दिसतो त्यास गुडघा म्हणतात. वरच्या सरळ भागास धरून ओढलेली रेषा दाबाच्या अक्षास जेथें मिळते, तो उंबरठा.

परंतु हा गुडघा डायोडांत एका ठिकाणीं बसलेला नाहीं. सिलिकनच्या एका लहान डायोडचीं साधारण मापें घेऊं. 0.50 व्होल्टला प्रवाह 0.1 मिलिअँपिअर, 0.61 ला 1, आणि 0.72 ला 10. म्हणजे दाब 0.11 नें वाढला कीं प्रवाह दसपट होतो, आणि ही चाल सर्वत्र सारखीच आहे. आतां 10 मिलिअँपिअरपर्यंतचा आलेख काढून त्याच्या टोकाशीं स्पर्शरेषा ओढा, ती 0.67 च्या सुमारास अक्षास मिळेल. त्याच डायोडचा आलेख 1 मिलिअँपिअरपर्यंतच काढा; आतां उंबरठा 0.56 वर येईल. दोन्हीं उत्तरें बरोबर आहेत. म्हणून उंबरठ्याजवळ प्रवाहाची मर्यादाहि लिहावयास हवी; ती नसलेला आंकडा मला तरी अर्धाच वाटतो.

गुडघ्याच्या खालचा भाग मात्र सहज बिघडतो. जुना कांट्याचा, एक व्होल्टपर्यंत मोजणारा व्होल्टमिटर स्वतःच हजार ओहमचा असूं शकतो. मग 0.4 व्होल्टला तो स्वतः 0.4 मिलिअँपिअर ओढतो, आणि डायोडचा वांटा असतो अवघा 0.01. बाहेर जोडलेला मिलिअॅमिटर दोहोंची बेरीज दाखवितो! आरंभींचे बिंदू शून्यांतून निघणाऱ्या तिरप्या सरळ रेषेवर पडले, तर ती रेषा व्होल्टमिटरची समजावी. एक कोटि ओहमच्या अंकदर्शी मापकानें ही अडचण जवळजवळ नाहींशी होते.

राहिला उन्हाळा. प्रवाह तोच ठेवला, तर तपमानाच्या प्रत्येक अंशामागें सिलिकन डायोडचा दाब सुमारें 2 मिलिव्होल्ट उतरतो. जानेवारींतील सकाळीं खोली 18 अंशांवर आणि मे महिन्यांतील दुपारीं 38 वर असली, तर तोच गुडघा 0.04 व्होल्ट डावीकडे सरकलेला दिसेल.