बैठकीची वेळ कोणत्या घड्याळाची?

पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांची दर मंगळवारी ऑनलाइन बैठक असेल, तर तिची वेळ तिन्ही शहरांत वर्षभर कायम राहू शकत नाही. अमेरिका आणि ब्रिटन उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात, भारत करत नाही. त्यात ती पुढे करण्याचे दिवसही वेगळे. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार, तर ब्रिटनमध्ये शेवटचा. बैठका चुकतात त्या बहुधा या मधल्या काळात.

बैठक न्यूयॉर्कच्या सकाळी ९ वाजता ठरली आहे असं धरू. ३ मार्च २०२६ रोजी त्या वेळी लंडनमध्ये दुपारचे २ आणि पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले होते. ८ मार्चला अमेरिकेची घड्याळं पुढे गेली आणि १० तारखेला तीच बैठक लंडनला दुपारी १ वाजता, पुण्याला साडेसहाला आली. २९ मार्चला ब्रिटननेही घड्याळं बदलली. मग ३१ तारखेला लंडनची वेळ परत २ वर गेली, पुण्याची मात्र साडेसहाच राहिली. बैठक पुण्याच्या साडेसातला बांधलेली असती, तर पुणेकरांना काहीच जाणवलं नसतं. न्यूयॉर्कची वेळ ९ वरून १० झाली असती आणि लंडनची महिनाअखेरीस २ वरून ३.

म्हणून पहिला निर्णय हा, की बैठक कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधायची. तो निमंत्रणात स्पष्ट लिहिलेला हवा. कॅलेंडरमध्ये नोंद करताना ‘यूटीसी अधिक ५.३०’ असा नुसता फरक न निवडता शहराच्या नावाचा विभाग निवडावा, उदाहरणार्थ `America/New_York`. शहराच्या नावामागे तिथले घड्याळबदलाचे नियम असतात, त्यामुळे पुढच्या तारखांची वेळ आपोआप बरोबर येते. नुसत्या फरकाला मार्च-नोव्हेंबर कळत नाही.

आद्याक्षरं तर टाळलेलीच बरी. आयएसटी ही भारताची प्रमाणवेळ, तशीच इस्रायलची आणि उन्हाळ्यातल्या आयर्लंडचीही. सीएसटी शिकागोची हिवाळी वेळ असते आणि चीनचीही. जुलैत ‘९ वाजता ईएसटी’ लिहिणाऱ्या अमेरिकन माणसाच्या मनात बहुधा ईडीटी असते, पण अक्षरशः वाचणारा तासभर उशिरा पोहोचतो.

वाराचीही काळजी घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात हिवाळ्यातल्या सोमवारी संध्याकाळी ६ वाजतात, तेव्हा भारतात मंगळवारचे सकाळचे साडेसात झालेले असतात. नुसतं ‘सोमवारी’ लिहिलं की निम्मी मंडळी चुकीच्या दिवसाची तयारी करतात.

निमंत्रणाच्या मजकुरात एक ओळ पुरते: ‘मंगळवार, १० मार्च २०२६; न्यूयॉर्क सकाळी ९ (मूळ वेळ), लंडन दुपारी १, पुणे संध्याकाळी ६.३०’. मात्र मालिका-बैठकीत ही ओळ पुढच्या आठवड्यांना तशीच चिकटून राहते आणि घड्याळं बदलली की कॅलेंडरशी तिचा मेळ बसत नाही. अशा निमंत्रणात फक्त मूळ शहराची वेळ लिहावी आणि बाकीचं गणित कॅलेंडरवर सोडावं.