एकाच चाळणीच्या दोन बाजू

दोनच चाकं, तीही एकाच रेषेत, आणि त्यांच्यावर उभी केलेली बॅटरी, मोटरी आणि सर्किट यांची चळत. स्वतःचा तोल सांभाळणारा असा रोबो आता इंजिनिअरिंगच्या प्रकल्पांमध्ये हमखास दिसतो. त्याला बोटाने ढकललं, की तो ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला चाकं पळवतो आणि पुन्हा उभा राहतो. बघणाऱ्याला मोटरींचं कौतुक वाटतं, पण खरं काम त्याच्या आधी होतं. आपण उभ्या रेषेपासून किती अंश कललो आहोत, या एकाच प्रश्नाचं उत्तर रोबोला सेकंदाला शंभर वेळा शोधावं लागतं. उत्तर चुकलं, तर मोटरी कितीही दमदार असोत, रोबो आडवा होतो.

हे उत्तर शोधायला त्याच्याकडे नखाएवढी एक चिप असते. एमपीयू-६०५० ही त्यातली बरीच वापरली गेलेली चिप. तिच्या पोटात दोन वेगळी मोजमाप-यंत्रं आहेत. दोघांच्या खोडी अगदी उलट्या आहेत आणि सगळी गंमत त्या उलटेपणातच आहे.

पहिलं यंत्र म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर. हा चिपमधला ओळंबा. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का ते पाहतो, तसं हे यंत्र गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेला ओढतंय ते पाहतं आणि त्यावरून कल सांगतं. ओळंब्याला आठवण लागत नाही. काल काय झालं, मघाशी काय झालं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आत्ता खाली कुठे आहे, एवढंच तो सांगतो. म्हणून त्याची चूक साठत जात नाही. पण त्याला स्थिरता हवी. शहर बस सुटताना उभ्या प्रवाशांसाठी टांगलेल्या कड्या मागे झुकतात. रस्ता सपाट असला, तरी त्या कड्यांकडे पाहिलं तर बस चढावर आहे असंच वाटावं. रोबोचं तेच होतं. त्याने गुरुत्वीय त्वरणाच्या एक पंचमांश त्वरणाने पुढे मुसंडी मारली, की त्याचा ओळंबा तब्बल ११ अंशांनी खोटं बोलतो. शिवाय मोटरींची थरथर आहेच.

दुसरं यंत्र जायरोस्कोप. नावावरून भोवरा आठवतो, पण या चिपमध्ये काहीही गरगरत नाही. सिलिकॉनचे सूक्ष्म तुकडे सतत थरथरत ठेवलेले असतात आणि चिप वळली की त्यांची थरथर जराशी आडवी सरकते. त्यावरून सेकंदाला किती अंश वेगाने वळणं चाललंय ते कळतं. कोन नव्हे, वेग. कोन हवा असेल तर दर वेळी वेगाला वेळेने गुणायचं आणि बेरीज करत जायचं. ढकलणं, धक्के, थरथर यांचा या यंत्रावर फारसा परिणाम होत नाही आणि झटपट हालचाल ते नेमकी टिपतं. पण चिप टेबलावर निश्चल पडलेली असतानाही त्याचं वाचन शून्य नसतं. एमपीयू-६०५०च्या माहितीपत्रकातच हा शून्यदोष सेकंदाला २० अंशांपर्यंत असू शकतो असं दिलेलं आहे. म्हणून सुरुवातीला रोबो स्थिर ठेवून शेकडो वाचनांची सरासरी घेतात आणि ती वजा करतात. तरी तापमान बदललं की थोडा दोष पुन्हा उगवतोच. तो सेकंदाला अवघा एक अंश धरला, तरी बेरीज करत गेल्यावर मिनिटभरात ६० अंशांचा खोटा कल जमा होतो.

म्हणजे ओळंबा दीर्घकाळासाठी खरा आणि क्षणापुरता खोटा. जायरो क्षणापुरता खरा आणि दीर्घकाळात खोटा. दोन्हींची सरळ सरासरी काढली तर दोघांच्या अर्ध्या-अर्ध्या चुका पदरात पडतील. करायचं ते वेगळंच आहे.

पीठ चाळताना काय होतं ते आठवावं. बारीक पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. दोन्ही पुन्हा एकत्र केले तर मूळचं दळण जसंच्या तसं मिळतं. ना काही कमी, ना जास्त. आता अशी कल्पना करावी की एकच दळण दोन गिरण्यांतून आलंय. एकीचं पीठ चांगलं पण कोंड्यात खडे, दुसरीचा कोंडा स्वच्छ पण पिठात भेसळ. दोन्ही पिशव्या एकाच मापाच्या चाळणीने चाळायच्या, पहिलीचं पीठ घ्यायचं, दुसरीचा कोंडा घ्यायचा आणि एकत्र करायचं. पूर्ण दळण तयार.

झुकाव मोजताना पीठ म्हणजे हळूहळू होणारे बदल आणि कोंडा म्हणजे झटपट बदल. ओळंब्याच्या कोनाला संथ बदल तेवढे पुढे सोडणारा फिल्टर लावायचा. जायरोच्या बेरजेतून आलेल्या कोनाला झटपट बदल तेवढे पुढे सोडणारा फिल्टर लावायचा. हे दोन फिल्टर एकमेकांचे पूरक हवेत, म्हणजे एक जेवढं अडवतो नेमकं तेवढंच दुसऱ्याने सोडलं पाहिजे. या जोडीला म्हणूनच पूरक फिल्टर म्हणतात. विमानांच्या उपकरणांमध्ये ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. १९७५ साली वॉल्टर हिगिन्स यांनी तिची तुलना प्रसिद्ध काल्मन फिल्टरशी केली आणि ठरावीक परिस्थितीत स्थिरावलेला काल्मन फिल्टर आणि ही साधी जोडी एकच ठरतात, हे मांडलं. हौशी रोबोकारांमध्ये ती पसरायला मोठा हातभार लागला तो शेन कोल्टन यांच्या २००७च्या टिपणाचा. त्यातली ओळ आजही जगभरच्या रोबोंमध्ये सापडते:

```
angle = 0.98*(angle + gyro*dt) + 0.02*acc;
```

एवढ्या एका ओळीत दोन्ही फिल्टर आहेत. `acc` हा ओळंब्याचा कोन. त्याचे दर वेळी फक्त दोन टक्के घेतले जातात, म्हणून त्याची थरथर विरते आणि संथ सूर तेवढा उरतो. `gyro*dt` ही जायरोने नुकतीच सांगितलेली वाढ. ती जवळपास पूर्ण घेतली जाते.

आकडे घालून पाहू. सेकंदाला शंभर फेऱ्या, म्हणजे `dt` ०.०१ सेकंद. सरळ उभा रोबो सेकंदाला ५० अंश वेगाने पुढे पडू लागला आणि त्याच वेळी चाकांनी पुढे मुसंडी मारली. पहिल्या फेरीत खरा कल ०.५ अंश. ओळंबा ११ अंशांनी फसलेला, म्हणून तो उणे १०.५ सांगतो, जणू रोबो मागे पडतोय. ओळीचं उत्तर येतं ०.४९ वजा ०.२१, म्हणजे ०.२८ अंश. दिशा बरोबर आहे आणि मोटरींना तेवढं पुरतं. मुसंडी दशांश सेकंद चालू राहिली तर खरा कल ५ अंश होतो आणि फिल्टर सुमारे ३ सांगतो. ११ अंशांची चूक २ अंशांवर आली. चाकं मागे-पुढे होत राहतात, त्यामुळे पुढच्या क्षणी चूक उलट दिशेने येते आणि बरीचशी फिटते.

आता जायरोची बाजू. ०.९८ने गुणणं प्रत्येक फेरीत होतं, म्हणून आज मिळालेली वाढ पुढच्या फेरीत जराशी आक्रसते, त्यापुढच्या फेरीत आणखी. सुमारे ३५ फेऱ्यांत ती निम्मी होते. जायरोची बेरीज इथे अखंड साठतच नाही. जुनं सतत विसरलं जातं. सेकंदाला एक अंशाचा तो शून्यदोष, जो एरवी मिनिटाला ६० अंश झाला असता, तो आता ०.४९ अंशावर येऊन थांबतो आणि तासभर रोबो चालवला तरी तिथेच राहतो. हा ०.४९ आकडा योगायोगाने आलेला नाही. तो या फिल्टरचा कालांक आहे: ०.९८ गुणिले ०.०१, भागिले ०.०२, म्हणजे ०.४९ सेकंद. ही चाळणीच्या भोकांची मापं. अर्ध्या सेकंदापेक्षा बऱ्याच झटपट घडणाऱ्या गोष्टींबाबत जायरोचं ऐकायचं, बऱ्याच संथ गोष्टींबाबत ओळंब्याचं.

कालांक वाढवला तर ओळंब्याची थरथर आणखी कमी होते, पण शून्यदोषाचा वाटा त्याच प्रमाणात वाढतो. फुकट काहीच मिळत नाही, आणि म्हणून शून्यदोष आधी नीट वजा करणं हे कालांकाशी खेळत बसण्यापेक्षा जास्त फायद्याचं आहे.

चुका कशा ओळखायच्या तेही या चाळणीच्या चित्रातूनच कळतं. चिप हातात धरून झटकन ३० अंश कलवावी आणि स्क्रीनवरचा आलेख बघावा. रेषा आधी उलट्या दिशेला उडी मारून मग सावकाश योग्य जागी आली, तर जायरोचं चिन्ह उलटं लागलंय: पीठ बरोबर, कोंडा उलटा. रेषा ३०च्या पुढे जाऊन मग मागे आली, तर जायरोचा गुणक किंवा `dt` गरजेपेक्षा मोठा आहे. फेऱ्या सेकंदाला १०० वरून ५०० केल्या आणि ०.९८ तसाच ठेवला, तर कालांक पाचपट घटून दशांश सेकंदाच्या आसपास येतो आणि शांत उभा असलेला रोबो एकदम थरथरू लागतो. सगळ्यात फसवी चूक म्हणजे ०.९८ आणि ०.०५ असे एकाला पूरक नसलेले आकडे घालणं. बेरीज १.०३ झाली, म्हणजे तीन टक्क्यांची गडबड होईल असं वाटतं. प्रत्यक्षात स्थिर कोन अडीचपट दिसतो, कारण तो ०.०५ भागिले ०.०२ एवढ्या प्रमाणात फुगतो. १० अंश कलवलेली चिप २५ अंश सांगत असेल, तर आधी हे दोन आकडे तपासावेत.

या युक्तीला एक भिंत मात्र आहे. संथ त्वरण हे पिठातच मिसळलेलं असतं आणि चाळणीला ते पकडता येत नाही. विमान नीट तोललेलं वळण घेतं तेव्हा ते ३० अंश कललेलं असलं, तरी आतल्या ओळंब्याला ‘खाली’ म्हणजे विमानाची फरशीच वाटते. प्रवाशाच्या पेल्यातलं पाणीही हिंदकळत नाही. वळण मिनिटभर चाललं, तर अर्ध्या सेकंदाचा कालांक असलेला फिल्टर दोन सेकंदांतच विमान सपाट असल्याचं सांगू लागेल. जुन्या यांत्रिक कृत्रिम क्षितिजांनाही हा त्रास होताच. त्यांचा भोवरा उभा ठेवणारी लोलकांची यंत्रणा लांबलेल्या वळणात त्याला हळूहळू खोट्या उभ्या रेषेकडे ओढायची.

यावर एक उपाय असा, की एकूण ओढ गुरुत्वापेक्षा वेगळी दिसली तर तेवढा वेळ ओळंब्याचं ऐकायचंच नाही. ३० अंशांच्या त्या वळणात ओढ सुमारे साडेपंधरा टक्के वाढलेली असते, त्यामुळे फसवणूक पकडली जाते. आपल्या रोबोच्या मुसंडीत मात्र ओढ जेमतेम दोन टक्के वाढते आणि ओळंबा ११ अंशांनी चुकलेला असतो. तिथे ही पहारेदारी कामाची नाही. तिथे जायरोचा तो ९८ टक्क्यांचा वाटाच रोबोला उभा ठेवतो.