बाण कुठे पोहोचतो ते पाहा

'फंक्शन' या धड्यात बाणांच्या आकृत्या हमखास असतात. डाव्या गोलात A संचाचे घटक, उजव्या गोलात B संचाचे आणि डावीकडून उजवीकडे जाणारे बाण. आकृती सोपी दिसते, तरी 'वन-वन की ऑन्टू?' या प्रश्नाला ठरावीक चुकीची उत्तरं येतात. नमुन्यादाखल अशा तीन आकृत्या तपासू.

पहिल्या आकृतीत A मध्ये 1, 2, 3, 4 आणि B मध्ये a, b, c आहेत. 1 चा बाण a कडे, 2 चा b कडे, 3 आणि 4 या दोघांचे c कडे. मुलाने लिहिलं आहे : 'प्रत्येक घटकातून एकच बाण निघतो, म्हणून वन-वन.' कारण खरं आहे, निष्कर्ष चुकला आहे. डावीकडच्या प्रत्येक घटकातून नेमका एक बाण निघणं ही फंक्शन असण्याची अट झाली. वन-वन असण्यासाठी उजवीकडे कुठेही दोन बाण एकत्र येता कामा नयेत. इथे c वर दोन आले आहेत. मात्र a, b, c तिघांपर्यंत बाण पोहोचले असल्यामुळे हे फंक्शन ऑन्टू आहे.

दुसऱ्या आकृतीत 1 चा बाण p कडे, 2 चा q कडे आणि 3 चा s कडे जातो. B मध्ये p, q, r, s असे चार घटक आहेत. 'A मधलं कुणीच उरलं नाही, म्हणून ऑन्टू' हे उत्तर. इथेही नजर डावीकडेच राहिली. ऑन्टूसाठी B मधलं कुणी उरता कामा नये आणि r उरला आहे. हे फंक्शन वन-वन आहे, ऑन्टू नाही.

तिसरी आकृती अधिक फसवी. 1 मधून x आणि y असे दोन्हीकडे बाण, 2 मधून y कडे, 3 मधून एकही नाही. B मधल्या x, y दोघांनाही बाण मिळाले म्हणून मुलाने 'ऑन्टू' लिहिलं. पण हे फंक्शनच नाही, नुसता संबंध आहे; त्यामुळे पुढचा प्रश्न विचारायचाच नाही.

तपासण्याचा क्रम यातूनच ठरतो. आधी डावीकडे बघून फंक्शन आहे का ते ठरवायचं, मग उजवीकडे प्रत्येक घटकावर किती बाण आले ते मोजायचं. कुठेही एकापेक्षा जास्त नसतील तर वन-वन. कुठेही शून्य नसेल तर ऑन्टू.

दोन्ही संचांत सारखेच घटक असतील, तर वन-वन फंक्शन आपोआप ऑन्टूही होतं. हा नियम फक्त मर्यादित संचांना लागू आहे. f(n) = 2n हे नैसर्गिक संख्यांकडून नैसर्गिक संख्यांकडे जाणारं फंक्शन घ्या. दोन बाण कुठेच एकत्र येत नाहीत, तरी सगळ्या विषम संख्या उरतात. B मध्ये फक्त सम नैसर्गिक संख्या घेतल्या, की हेच सूत्र ऑन्टू होतं.