शून्याखालची एक्सपायरी

सोमवार, २० एप्रिल २०२०. सकाळी साडेसात

ब्रोकरच्या रिस्क डेस्कवरच्या माणसाचा दिवस बाजार उघडण्याआधीच सुरू होतो. लॉकडाऊनमुळे सध्या डेस्क म्हणजे डोंबिवलीच्या घरातलं जेवणाचं टेबल. एमसीएक्सवरचा एप्रिलचा कच्च्या तेलाचा वायदा आज संपतोय, त्यामुळे त्यात ज्यांच्या पोझिशन उभ्या आहेत त्यांची यादी आधी काढली.

पहिलं काम पे-इनचं. शुक्रवारचा एमटूएम, म्हणजे मार्क-टू-मार्केटचा हिशेब, आज सकाळी चुकता होतो. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा मिळून जो निव्वळ तोटा निघेल तो क्लिअरिंग कॉर्पोरेशन आमच्या सेटलमेंट खात्यातून उचलते आणि ज्या ब्रोकरांच्या गिऱ्हाइकांना नफा झाला त्यांच्याकडे वळवते. आमच्या गिऱ्हाइकाने आम्हाला पैसे दिले की नाही, हे ती विचारत नाही.

नऊ वाजता

बाजार उघडला. भाव खालीच.

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला फोनवर सगळं पुन्हा समजावत होतो. एमसीएक्सवर कच्च्या तेलाचा एक लॉट १०० बॅरलचा. पडद्यावरचा भाव एका बॅरलचा असतो, म्हणून भाव एक रुपयाने हलला की लॉटमागे शंभर रुपये इकडचे तिकडे. दहा लॉट असतील तर हजार. नवीन गिऱ्हाईक भाव बघतं, लॉट बघत नाही. ‘पन्नास रुपयेच तर पडलाय’ असं म्हणतं, तेव्हा दहा लॉटवर त्याचे पन्नास हजार गेलेले असतात.

“सर, पण विकल्याशिवाय तोटा कसा?” त्याने विचारलं.

शेअर बाजारातून आलेल्या सगळ्यांचा हा प्रश्न असतो. शेअर घेऊन कपाटात ठेवता येतो, वायदा ठेवता येत नाही. सोप्या आकड्यांत सांगितलं. समज, १,९०० ला एक लॉट घेतला. संध्याकाळी सेटलमेंटचा भाव १,८५० निघाला. पन्नास गुणिले शंभर, पाच हजार रुपये तुझ्या खात्यातून गेले. कागदावर नाही, खरोखर गेले. आता तुझी खरेदी १,९०० ची राहिली नाही, १,८५० ची झाली. दुसऱ्या दिवशी भाव १,८८० वर बंद झाला तर तीस रुपयांचे तीन हजार जमा. तू तिथेच सौदा कापलास तर एकूण तोटा दोन हजार, १,९०० आणि १,८८० मधला फरक तेवढाच. फक्त तो रोज हप्त्याहप्त्याने मोजला.

तो म्हणाला, “मग रोज कशाला? शेवटी एकदाच करायचं.”

वायद्याची सगळी रचना या ‘रोज’वर उभी आहे. सौदा घेताना गिऱ्हाईक पूर्ण किंमत देत नाही, मार्जिन देतं. मार्जिन म्हणजे मालाचा ॲडव्हान्स नव्हे, एका-दोन दिवसांच्या संभाव्य तोट्याची अनामत. आजचा तोटा उद्या सकाळी वसूल झाला की अनामत पुन्हा पुरी. पैसे आले नाहीत तर आम्ही पोझिशन कापतो आणि तोटा अनामतीतून भागतो. म्हणजे हा हिशेब दोन गोष्टींवर चालतो: एका दिवसाची पडझड मार्जिनपेक्षा लहान असली पाहिजे, आणि कापायची वेळ येईल तेव्हा बाजार उघडा असला पाहिजे.

दुपारी दीड

जेवण टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर. भाव घसरतोच आहे.

आज एक्सपायरी असल्यामुळे रोजचा नियम बदलतो. इतर दिवशी संध्याकाळचा सेटलमेंट भाव आमच्याच बाजारातल्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या सौद्यांच्या सरासरीवरून निघतो. शेवटच्या दिवशी तसं नाही. एमसीएक्सच्या या वायद्यात तेलाची डिलिव्हरी नसते, सगळं रोखीत मिटतं. ज्याची पोझिशन उभी राहील त्याचा अंतिम भाव न्यूयॉर्कच्या नायमेक्सवरून येतो: तिथला आजचा सेटलमेंट भाव, डॉलरच्या संदर्भ दराने रुपयांत बदललेला. नायमेक्सचा वायदा मात्र खऱ्या तेलाचा आहे. एक लॉट १,००० बॅरलचा आणि डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंगला, पाइपलाइन आणि टाक्यांच्या गावात. तिथला मे महिन्याचा वायदा उद्या, २१ तारखेला संपतोय. त्यानंतर ज्याच्या हातात तो राहील त्याला कुशिंगला तेल उचलावं लागेल. जग घरात बसलंय, तेल कुणालाच नको आहे, आणि टाक्यांमधली जागा आधीच बोलली गेलेली आहे.

साडेतीन

फोनवर फोन. एरवी बाजार रात्री साडेअकरापर्यंत चालतो. पण ३० मार्चपासून वेळ कमी केलीय, पाचला घंटा. न्यूयॉर्कचा भाव रात्री बाराच्या सुमारास ठरेल. मधले सात तास आमच्याकडे कुलूप.

एक जुने गिऱ्हाईक, दहा लॉट १,०४० ला आजच दुपारी घेतलेले.

“साहेब, तेल हजाराच्या खाली आलंय. आयुष्यात बघितला नव्हता हा भाव. आता आणखी किती पडणार?”

“ते माहीत नाही. पाचच्या आत कापा, नाहीतर आपल्या एमसीएक्सच्या मे वायद्यात रोल करा. अंतिम भाव तिकडून येणार आहे.”

“रोल केला तर तिथला भाव कितीतरी वर. तेच तेल महाग का घेऊ? आणि वाईटात वाईट काय, शून्य होईल. हजार रुपये गुणिले हजार बॅरल, दहा लाख. तेवढी ताकद आहे माझी.”

माणूस बेफिकीर नव्हता. वाईटात वाईट काय होईल याचा हिशेब त्याने केला होता, आणि तोच हिशेब त्या दिवशी बहुतेकांच्या डोक्यात होता. आमच्या यंत्रणेतही होता. ऋण भावाचा सौदा आमच्या पडद्यावर टाकताच येत नव्हता, त्यामुळे तोट्याला तळ आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. वास्तविक नायमेक्स चालवणाऱ्या सीएमईने पाचच दिवस आधी, १५ एप्रिलला, आपली यंत्रणा ऋण भावासाठी तयार असल्याचं जाहीर केलं होतं.

त्यांच्या बोलण्यातली दुसरी गोष्टही लक्षात घेण्याजोगी. ‘तेच तेल’ हे खरं नव्हतं. एक कागद या आठवड्यात तेल गळ्यात पडण्याचा होता आणि दुसरा महिन्याभराने. दोघांच्या भावांतली दरी एवढी रुंद होते तेव्हा जवळच्या कागदातून लोक पळतायत हे समजावं. तो स्वस्त दिसतो, पण ते पळापळीचं माप असतं.

पाच वाजता

बंद. शेवटचा भाव ९६५ च्या आसपास. बॅरलमागे पंचाहत्तर रुपये खाली, म्हणजे त्या दहा लॉटवर दिवसाचा तोटा ७५,०००. मार्जिन भरपूर शिल्लक. अहवालात लाल रंग कुठेच नाही.

एका लॉटची एकूण किंमत आता ९६,५०० रुपये. पूर्ण किंमत मार्जिन म्हणून घेतली असती, तरी ती एवढीच झाली असती.

रात्री अकरा अडतीस

न्यूयॉर्कला दुपारचे दोन वाजून आठ मिनिटं. मे वायदा शून्याच्या खाली गेला. आधी वाटलं, फीड बिघडला. दुसऱ्या स्क्रीनवर बघितलं, तिथेही तेच. घेणारा नाहीच. विकणाराच पैसे देऊन म्हणतोय, घेऊन जा. पुढच्या वीस-बावीस मिनिटांत घसरण थांबली नाही. उणे चाळीसच्याही खाली एकदा टेकून बाराच्या ठोक्याला सेटलमेंट निघाला: उणे ३७.६३ डॉलर.

त्याच रात्री जूनचा वायदा २०.४३ डॉलरवर सेटल झाला. तेल फुकट झालं नव्हतं, एका कागदाची मुदत संपत होती.

रात्री एक

सत्तेचाळीस मेल. एक्स्चेंजने तूर्तास हंगामी भाव धरलाय, एक रुपया. पे-इनचा आकडा त्यावर काढला. दहा लॉटवाल्यांचा तोटा १,०३९ गुणिले हजार, १०,३९,०००. त्यांच्या ‘वाईटात वाईट’च्या जवळपास.

मंगळवार, २१ एप्रिल

अंतिम भाव जाहीर झाला: उणे २,८८४ रुपये. उणे ३७.६३ ला डॉलरच्या दराने गुणलं की हाच आकडा येतो, करारात लिहिलेलं सूत्र. पाच वाजताच्या ९६५ पासून मोजलं तर बॅरलमागे ३,८४९ रुपये, लॉटमागे ३,८४,९००. ज्या वस्तूची सगळी किंमत ९६,५०० होती तिच्यावर चौपट तोटा, एकाच टप्प्यात, बाजार बंद असताना. रोजच्या हिशेबाच्या दोन्ही अटी एका रात्रीत मोडल्या.

दहा लॉटवाल्यांचा आकडा ३९,२४,०००. फोन मीच केला.

“साहेब, माझ्याकडे वस्तू होती की नाही? वस्तूची किंमत जाऊन आणखी तीस लाख मी कुणाला द्यायचे?”

ज्यांनी विकलं होतं त्यांना. वायद्यात प्रत्येक खरेदीसमोर तेवढीच विक्री असते, आणि मंदीवाल्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ते आमच्या खात्यातून घेते, आम्ही गिऱ्हाइकाकडून. गिऱ्हाईक थांबलं की भार आमच्या भांडवलावर. काही ब्रोकर आणि गिऱ्हाइकं कोर्टात गेली. दहा लॉटवाल्यांनी तीन हप्ते मागून घेतले.

त्याच आठवड्यात वायद्यांची रात्रीची वेळ पूर्ववत झाली. नवीन मुलाने विचारलं, साडेअकरापर्यंत बाजार उघडा असता तर लोक वाचले असते का? बरेचसे वाचले असते, कारण संध्याकाळपासून भाव डोळ्यांदेखत कोसळताना दिसला असता आणि आम्हीही पोझिशन कापल्या असत्या. पण पूर्ण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात आमचा बाजार साडेअकराला बंद होतो आणि नायमेक्सचा भाव बाराला ठरतो. त्या रात्री साडेअकराला भाव अजून शून्याच्या वर होता.